पाचव्या दिवसाची गोळी

जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेले फॅमिली डॉक्टर, आणि मागच्या रांगांत बसलेले आमचे औषधविक्रेते मित्र,

अध्यक्षानं वैद्यकाच्या भवितव्यावर वगैरे बोलावं असा संकेत आहे. तो मोडून मी आज एका गोळीवर बोलणार आहे, कारण पाऊस ओसरला की आपल्या दवाखान्यांसमोर जी रांग लागते, तिच्यात त्या गोळीचा निर्णय दिवसाला पन्नास वेळा होतो. आणि एकदा तो मी चुकीचा घेतला होता.

सांगलीच्या मार्केट यार्डातला एक हमाल. वय अडतीस, वजन साठ किलो, अंगापिंडानं दणकट. रविवारी संध्याकाळी थंडी वाजून ताप आला. डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर मोडल्यासारखी. सोमवारी त्यानं मेडिकलमधून ‘तापाची कडक गोळी’ आणली आणि दिवसातून तीनदा घेतली. मंगळवारी माझ्याकडे आला तेव्हा ताप 103 होता. “साहेब, सुई टोचा, उद्या गाडी उतरवायचीय,” म्हणाला. मी डायक्लोफेनॅकची सुई टोचली. दोन तासांत घाम फुटून ताप उतरला, आणि त्याच्या लेखी मी देवमाणूस ठरलो. रक्त तपासायला पाठवलं होतं. हिमॅटोक्रिट 42, प्लेटलेट एक लाख दहा हजार, एनएस-1 पॉझिटिव्ह. रिपोर्ट संध्याकाळी हातात आला, सुई सकाळीच देऊन झाली होती. घरच्या गोळ्यांबद्दल विचारायचं माझ्या डोक्यात आलंच नाही.

गुरुवारी ताप गेला. शुक्रवारी सकाळी तो आला तो भावाच्या खांद्यावर हात टाकून. “ताप गेला की, डॉक्टरसाहेब, पण उभं राहवंना.” हातपाय गार. रक्तदाब 90 वर 70. ज्या जागी मी सुई दिली होती तिथे तळहाताएवढा काळानिळा डाग. आणि शौच डांबरासारखं काळं. प्लेटलेट 28 हजार. हिमॅटोक्रिट मात्र 44. माझ्यातला घाबरलेला माणूस त्या 44 ला चिकटला: फार वाढलेलं नाही, म्हणजे गळती फार नाही.

इस्पितळातल्या फिजिशियननं तो आकडा पाहून उलटा अर्थ काढला, आणि तो बरोबर होता. डेंग्यूत केशवाहिन्यांतून प्लाझ्मा बाहेर झिरपतो, रक्त दाट होतं, म्हणून हिमॅटोक्रिट वीस टक्क्यांनी वगैरे चढतं. पण पोटात रक्तस्रावही चालू असेल तर लाल पेशीही जातात आणि तो आकडा जागच्या जागी राहतो. वरचा-खालचा रक्तदाब एकमेकांजवळ आलेले, हात गार आणि हिमॅटोक्रिट शांत: ही जोडी आतल्या रक्तस्रावाची शंका घ्यायला पुरेशी असते. क्रिॲटिनिन 2.1 होतं. त्याला मोजून सलाईन दिलं, दोन बाटल्या रक्त दिलं, आणि तो घरी गेला. नंतर त्याच्या खिशातली गोळ्यांची पट्टी मी मागून घेतली. आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 325, दोन्ही एकाच गोळीत.

ही गोळी घेतली नसती, सुई टोचली नसती, तर हे घडलंच नसतं असं मी छातीठोक म्हणणार नाही. डेंग्यू स्वतःच्या बळावरही रक्तस्राव घडवतो. पण त्याच्या शरीराकडे बचावाची जी दोन-तीन साधनं होती, ती आम्ही दोघांनी मिळून एकेक करून काढून घेतली होती. ती कोणती, ते जरा सावकाश पाहू.

जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखवून दिलं की ॲस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधं प्रोस्टाग्लँडिनं तयार होणं थांबवतात. ताप आणि दुखणं कमी होतं ते त्यामुळेच. पण त्याच कुळातली द्रव्यं शरीर इतर ठिकाणीही वापरत असतं. प्लेटलेटमध्ये त्यापासून थ्रॉम्बॉक्सेन बनतं. जखमेपाशी आलेली एक प्लेटलेट दुसरीला हाक मारते ती या द्रव्यानं. ॲस्पिरिन ते बनवणारं यंत्र कायमचं बंद करते. बाकीच्या पेशी नवं यंत्र बनवतात, प्लेटलेटला केंद्रकच नाही, त्यामुळे ती आयुष्यभर मुकी राहते. तिचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं. म्हणजे तापाच्या पहिल्या दिवशी घेतलेली ॲस्पिरिन पाचव्या दिवशी पोटात नसते, पण तिनं मुक्या केलेल्या प्लेटलेट रक्तात असतात. नेमक्या त्याच दिवशी एकूण संख्या तळाला गेलेली असते. आपले रुग्ण ज्यांना नुसतं ‘पेशी’ म्हणतात त्यांचा आकडा रिपोर्टात दिसतो. त्या कामाच्या आहेत की नाहीत, हे त्या आकड्यात दिसत नाही.

आयबुप्रोफेनचं तसं नाही. ते यंत्राला धरतं आणि सोडतं. निरोगी माणसात साधारण दिवसभरात प्लेटलेट पूर्ववत होते. म्हणून काही तरुण सहकारी मला विचारतात, मग आयबुप्रोफेनची एवढी धास्ती कशाला? कारण प्रश्न फक्त प्लेटलेटचा नाही. जठराच्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करणारा थर प्रोस्टाग्लँडिनांच्या आधारावर टिकतो. डेंग्यूचा रुग्ण दोन दिवस जेवलेला नसतो, उलट्या करत असतो, आणि त्या उपाशी पोटात आपण ही गोळी टाकतो. तिसरी जागा मूत्रपिंडाची. शरीरात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाकडे जाणारी बारीक रोहिणी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिनं करतात. प्लाझ्मा झिरपत असताना तो आधार काढला तर क्रिॲटिनिन 2.1 होतं. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड, सगळी याच घराण्यातली. आणि लहान मुलांना विषाणूच्या तापात ॲस्पिरिन द्यायचीच नाही, त्याला राय सिंड्रोम हे वेगळं कारण आहे.

आता पॅरासिटामॉल. ते मेंदूतल्या तापनियंत्रणावर काम करतं. प्लेटलेट, जठर, मूत्रपिंड यांच्याकडे नेहमीच्या मात्रेत फारसं वळत नाही. म्हणून ते चालतं. पण त्याची वाट यकृतातून जाते, आणि डेंग्यूत यकृत आधीच सुजलेलं असतं. एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले असतात. त्यामुळे ‘निर्धोक’ म्हणून मूठभर द्यायचं औषध हे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या डेंग्यू पुस्तिकेत मोठ्या माणसाला दिवसाला तीन ग्रॅमच्या वर जाऊ नका असं आहे. इतर वेळी आपण चार ग्रॅमपर्यंत जातो. त्या हमालाला मी काय द्यायला हवं होतं? 650 ची एक गोळी, ताप चढून त्रास होत असेल तेव्हा, दोन गोळ्यांत किमान सहा तास. चार वेळा घेतली तरी 2.6 ग्रॅम. दारू पिणारा किंवा यकृताचा जुना रोगी असेल तर याहून कमी. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते या हिशेबात धरायचं.

मुलांची मात्रा किलोला दहा मिलिग्रॅम, चोवीस तासांत तीन-चार वेळांहून जास्त नाही. इथे मेडिकलवाल्या मित्रांनी जरा पुढे सरकून ऐकावं. बारा किलोच्या बाळाला 120 मिलिग्रॅम हवं. 5 मिलिलिटरला 120 वालं सिरप असेल तर एक छोटा चमचा, 5 मिलिलिटर. तोच चमचा 250 च्या बाटलीतून भरला तर मात्रा दुप्पट होते. आणि थेंबांच्या बाटलीत 1 मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असतं, बाळाला 1.2 मिलिलिटर पुरतं, पण आजीनं चमच्यानं पाजलं तर 500 मिलिग्रॅम पोटात जातं. ‘एक चमचा द्या’ हे वाक्य आपण सोडलं पाहिजे. मिलिलिटर सांगा, बाटलीवरचा आकडा दाखवा. बाटलीवर मेफेनॅमिक ॲसिडही छापलेलं नाही ना, तेही बघा. मुलांच्या तापाच्या औषधांत ते आपल्याकडे सर्रास असतं.

सगळ्यात अवघड जागा औषधाची नाहीच, अपेक्षेची आहे. डेंग्यूचा ताप पॅरासिटामॉलनं 104 वरून 102 वर येतो आणि चार तासांनी पुन्हा चढतो. घरचे म्हणतात, गोळी लागू पडत नाही. मग कुणीतरी ‘कडक’ गोळी आणतं, किंवा आलटून-पालटून आयबुप्रोफेन सुरू होतं. रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगावं लागतं की ताप शून्यावर आणणं हे आपलं काम नाही. माणसाला पाणी पिता यावं, झोप लागावी, एवढा तो उतरला की पुरे. मधल्या वेळात कोमट पाण्यानं अंग पुसा. गार पाणी नको, हुडहुडी भरते. ओआरएस, पेज, नारळपाणी, ताक, जे जाईल ते. आणि स्नायूत सुई नको, कुठल्याच औषधाची. त्या माणसाच्या कमरेवरचा तो डाग मला अजून दिसतो.

दोन वेगळे प्रसंग. हृदयात स्टेंट असलेला रुग्ण 75 मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेत असेल तर ती घाईनं बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती डेंग्यूपेक्षा लवकर मारते. त्याच्या हृदयरोगतज्ज्ञाला फोन करा, रोज प्लेटलेट बघा आणि दोघांनी मिळून ठरवा. दुसरा चिकुनगुनियाचा. सांधे धरलेला माणूस वेदनाशामक मागतो, त्याचं खोटं नसतं. पण हे दोन्ही रोग एकाच डासानं, एकाच मोसमात येतात, कधी एकाच अंगात. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत त्यालाही पॅरासिटामॉलच. एनएस-1 निगेटिव्ह आला म्हणजे खात्री झाली असं नव्हे. तो खरा डेंग्यूही चुकवतो.

मित्रहो, या मोसमात तीन गोष्टी करा. तापाच्या प्रत्येक चिठ्ठीवर ‘फक्त पॅरासिटामॉल’ असं मराठीत, ठळक लिहा, आणि त्याखाली ताप सुरू झाल्याची तारीख लिहा. आधी काय घेतलं ते विचारू नका, पट्टी दाखवायला सांगा. आणि ताप उतरेल त्या दिवशी पुन्हा बोलवा. पोट दुखलं, उलट्या थांबल्या नाहीत, हिरड्यांतून रक्त आलं, शौच काळं झालं, लघवी कमी झाली, तर बोलावण्याची वाट न पाहता यायला सांगा. माझ्या त्या रुग्णाला मी मंगळवारी म्हटलं होतं, ताप गेला की यायची गरज नाही.