दुपारच्या जेवणाचं इन्सुलिन सकाळीच घेतलेलं असतं
(मंदिरात ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या सत्यनारायणाच्या पूजेला आपल्यातल्या एका काकांना त्रास झाला. त्यांच्याच परवानगीने मी ती हकीकत सांगतो, कारण आपल्यापैकी बरेच जण त्यांच्यासारखंच मिक्स इन्सुलिन दिवसातून दोनदा घेतात.

काकांचं वय ७६. सकाळी साडेसातला त्यांनी नेहमीचे २० युनिट घेतले, आठला पोहे खाल्ले. घरी ते साडेबाराला जेवतात. त्या दिवशी पूजा लांबली आणि महाप्रसादाला अडीच वाजणार होते. पावणेदोनच्या सुमाराला काका उगाचच चिडून बोलू लागले, मग एकदम गप्प झाले. हॉल गार होता, तरी कपाळावर घाम. शेजारच्यांना वाटलं, दमले असतील. थोडं पडू द्या. मी बोटातून रक्त घेऊन साखर तपासली. २.९ होती, म्हणजे भारतातल्या मापाने ५२ च्या आसपास. तसंच झोपू दिलं असतं, तर ते बेशुद्ध होऊ शकले असते.

काकांनी डोस चुकवला नव्हता, नाश्ताही केला होता. मग साखर का उतरली?

त्यांच्या ३०/७० मिक्समध्ये दोन इन्सुलिनं एकत्र असतात. २० युनिटमधले ६ लवकर काम करणारे. ते नाश्त्याची साखर सांभाळतात. उरलेले १४ सावकाश काम करणारे. त्यांचा जोर साधारण चार तासांनी वाढतो आणि पुढे बरेच तास टिकतो. म्हणजे दुपारच्या जेवणाचं इन्सुलिन तुम्ही सकाळीच टोचून ठेवलेलं असतं. आरती लांबली म्हणून ते थांबत नाही. जेवण आलं नाही, तर ते रक्तात असलेलीच साखर उतरवतं.

रात्रीचंही तसंच. काही जण सहाला घरी इंजेक्शन घेऊन आरतीला येतात आणि प्रसाद साडेआठला मिळतो. त्यांनी पेन बरोबर आणावं आणि जेवणाची वेळ नक्की कळल्यावरच घ्यावं. जुन्या प्रकारचं मिक्स जेवणाआधी अर्धा तास, नव्या प्रकारचं ताट समोर आल्यावर. आपलं कोणतं, ते फार्मसिस्टला विचारून ठेवा.

आणखी एक चूक मी दवाखान्यात पुष्कळदा पाहिली. दुपारचं जेवण तीनला झालं, की संध्याकाळी साखर चढलेली दिसते. मग माणूस स्वतःच रात्रीचे चार युनिट वाढवतो. पण मिक्समध्ये एकच भाग वाढवता येत नाही. त्या चारातले जवळजवळ तीन युनिट सावकाश काम करणारे असतात आणि त्यांचा जोर मध्यरात्रीनंतर, आपण झोपेत असताना येतो. जेवणाची वेळ चुकली म्हणून डोस बदलू नका, वेळ सांभाळा.

जेवायला उशीर होणार असं दिसलं, तर नेहमीच्या वेळेलाच एक केळं किंवा दोन-तीन बिस्किटं खा. उपास करायचा असेल, तर आधीच्या आठवड्यात डायबेटिस नर्सशी बोला. उपाशी राहून नेहमीचा डोस घेणं धोक्याचं, आणि न विचारता डोस बंद करणंही तितकंच वाईट.

घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ, विनाकारण चिडचिड दिसली, तर साखर तपासा. यंत्र जवळ नसेल, तर साखर कमी आहे असंच समजा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे थरथर आणि धडधड जाणवत नाही, म्हणून घाम आणि गोंधळ यांकडे लक्ष ठेवा. साखर ४ च्या खाली असेल, तर २०० मिलिलिटर फळांचा रस किंवा पाण्यात चार चमचे साखर द्या. पेढा किंवा बर्फी देऊ नका. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ४ च्या खालीच असेल, तर तेवढाच रस पुन्हा द्या. काकांची तेव्हा ४.६ झाली. मग लगेच त्यांना वरण-भात वाढला, कारण सकाळचं इन्सुलिन अजून काम करतच होतं. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि ९९९ ला फोन करा.

स्वयंपाकघरातल्या मंडळींना एक विनंती. पूजा कितीही लांबली, तरी साडेबाराला इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी थोडा वरण-भात बाजूला काढून नैवेद्य आधी दाखवून घ्या, आणि कपाटात रसाचे छोटे खोके ठेवा. खर्चाला हातभार लावायचा असेल, त्यांनी कार्यालयात सांगावं. आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनो, संकोच न करता आत येऊन आपलं नाव सांगा. आरती चालू असताना उठून दोन घास खाल्ले, तर देवाचा काही अपमान होत नाही.