तबकडीची आस आणि बांगड्यांची बेरीज



ग्रामोफोनची बारा इंची तबकडी आपल्यापैकी अनेकांनी हाताळली असेल. कोरड्या हवेत तिच्यावरून लोकरीचे फडके फिरवले की हातावरचे केस तिच्याकडे ओढले जातात, धूळही येऊन चिकटते. घासल्यामुळे तबकडीवर विद्युत्‌भार साचतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. आज मी एवढेच विचारणार आहे की, या तबकडीच्या मध्यावर बरोबर उभ्या रेषेत, म्हणजे तिच्या आसेवर, हा भार किती जोराने जाणवतो आणि जवळ गेल्यावर त्याचे काय होते?

प्रश्न सोपा वाटतो. फ्रान्समध्ये कूलॉमने 1785 साली प्रयोगाने दाखवून दिले की, दोन भारांमधले अंतर निम्मे केले तर बल चौपट होते. मग तबकडीला अगदी टेकायला गेलो तर बल अमर्याद वाढायला हवे. तसे होत नाही. का होत नाही, ते आपण बेरीज करूनच पाहू.

तबकडीची त्रिज्या 15 सेंटिमीटर धरू. मधले भोक आणि लेबल विसरून जाऊ, आणि भार सगळीकडे सारखा पसरला आहे असे मानू. हे मानणे थोडे धाडसाचे आहे, कारण फडक्याने घासलेला भार कधीच इतका शिस्तीचा नसतो. आता मध्यबिंदूच्या बरोबर वर 8 सेंटिमीटरवर एक इवलासा भार ठेवा. तबकडीचा प्रत्येक कण त्याला वेगळ्या अंतरावरून, वेगळ्या दिशेने ढकलतो. असंख्य कणांचा हा हिशेब एकेक करून मांडायला बसलो तर सबंध वसंत ऋतू पुरणार नाही.

म्हणून तबकडी कापायची ती चौकोनांत नव्हे, एकात एक बसणाऱ्या बारीक बांगड्यांत. एका बांगडीवरचे सगळे कण आपल्या बिंदूपासून सारख्याच तिरप्या अंतरावर असतात, हा पहिला फायदा. दुसरा याहून मोठा. बांगडीच्या पूर्वेकडचा कण जेवढा पश्चिमेकडे ढकलतो, तेवढाच पश्चिमेकडचा कण पूर्वेकडे ढकलतो. आडवे धक्के जोडीजोडीने मिटतात, उरतो फक्त उभा भाग. धक्क्याचा किती हिस्सा उभा? उभे अंतर भागिले तिरपे अंतर, एवढा. विद्यार्थी नेमके इथे चुकतात. भार भागिले अंतराचा वर्ग, एवढेच घेऊन ते बेरीज करतात, आणि जे धक्के एकमेकांना मारतात तेही उत्तरात मोजले जातात. ही चूक ओळखण्याची खूण अशी की, तबकडी मोठी करत गेल्यावर उत्तर कुठेच थांबत नाही, वाढतच राहते.

आता बांगडीवर भार किती? जेवढे तिचे क्षेत्रफळ तेवढा. इथे पायथागोरस मदतीला येतो. त्रिज्येचा वर्ग म्हणजे तिरप्या अंतराचा वर्ग वजा 8 चा वर्ग. हे 8 सगळ्या बांगड्यांना सारखेच असल्यामुळे, तिरपे अंतर थोडेसे वाढले की क्षेत्रफळ त्या अंतराच्या आणि त्या वाढीच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. कूलॉमच्या नियमाने छेदात तिरप्या अंतराचा वर्ग आला होता, उभ्या हिश्शामुळे आणखी एकदा तेच अंतर आले. त्यांतले एक आता क्षेत्रफळाने कटले. प्रत्येक बांगडीचा वाटा उरला तो असा: 8 गुणिले तिरप्या अंतराची वाढ, भागिले तिरप्या अंतराचा वर्ग.

आणि हा वाटा म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आतल्या कडेचा 1 भागिले अंतर आणि बाहेरच्या कडेचा 1 भागिले अंतर यांतली वजाबाकी, गुणिले 8. मध्याशी तिरपे अंतर 8, कडेला 17, कारण 8, 15 आणि 17 हा काटकोन त्रिकोण आहे. दर सेंटिमीटरला एक अशा नऊ बांगड्या करा. अमर्याद मोठ्या तबकडीचे क्षेत्र 100 भाग मानले तर आतली पहिली (ती बांगडी नव्हे, भरीव चकतीच, त्रिज्या सुमारे 4 सेंटिमीटर) 11 भाग देते, दुसरी जवळजवळ 9, तिसरी 7, आणि शेवटची 3 भागांहूनही कमी. बाहेरच्या बांगड्या क्षेत्रफळाने मोठ्या असूनही मागे पडतात. बेरीज करताना मधले सगळे आकडे पुढच्याशी कटतात आणि राहते पहिले व शेवटचे: 1 वजा 8/17, म्हणजे 9/17. शंभरात साधारण 53. गुरुत्वाकर्षणासाठी हाच वर्तुळाचा प्रश्न न्यूटनने 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’त सोडवून ठेवला होता.

प्रत्यक्ष मान हवे असेल तर, दर चौरस मीटरला एक मायक्रोकूलॉम भार असताना पूर्ण 100 भाग म्हणजे मीटरला सुमारे 56,500 व्होल्ट. आपल्या बिंदूवर त्यांतले 29,900 येतात. ठिणगी पडायला हवेत तीस लाखांच्या आसपास लागतात, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही.

आता खाली उतरू. 4 सेंटिमीटरवर 74 भाग, 1 सेंटिमीटरवर 93, दीड मिलिमीटरवर 99. बल वाढते, पण 100 च्या पुढे जात नाही. याचे कारण बांगड्यांतच आहे. शंभरातले पहिले 50 भाग देणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या उभ्या अंतराच्या पावणेदोन पट असते, मग ते अंतर काहीही असो. अंतर निम्मे केले की प्रत्येक कणाचा धक्का चौपट होतो खरा, पण त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ, आणि म्हणून त्यातला भार, चौथा हिस्सा होतो. एका हाताने मिळाले ते दुसऱ्या हाताने गेले! मात्र पुस्तकात ‘अनंत पत्रा’ म्हणतात तो किती मोठा हवा हेही लक्षात घ्या. एक टक्क्याची अचूकता पाहिजे तर त्रिज्या अंतराच्या शंभरपट हवी. उलट, लांब गेल्यावर तबकडी फार लवकर बिंदू होते. 112 सेंटिमीटरवर सगळा भार मध्यात गोळा केला आहे असे मानले तरी चूक दीड टक्क्याच्या आतच राहते.

बरोबर तबकडीच्या पृष्ठावर काय? वरून येताना 100 भाग वर ढकलतात, खालून येताना 100 भाग खाली. मधोमध, जाडी नसलेल्या तबकडीच्या पातळीत, दोन्ही बाजू सारख्या असल्याने शून्य. सूत्रात आंधळेपणाने शून्य अंतर घातले तर 100 येतात, ते बाजूला उभे राहिल्याचे उत्तर आहे, आत उभे राहिल्याचे नव्हे.

आणखी एक इशारा. ही बेरीज पितळेच्या थाळीला लावू नका. धातूत भार मोकळा असतो, तो एकमेकांपासून दूर पळून कडेला दाटी करतो. पातळ धातूच्या चकतीच्या मध्यावर भाराची घनता सरासरीच्या निम्मीच उरते, म्हणून तितकाच भार देऊनही मध्याजवळचे क्षेत्र आपल्या उत्तराच्या निम्मे भरते. बांगड्या तिथेही कापता येतात, पण प्रत्येक बांगडीवर भार वेगळा लिहावा लागतो, आणि मग आपली ती सोयीची काटाकाट होत नाही.