‘ता’ नको, ‘ऊ’ हवा
(स्वच्छता मोहिमेच्या दिवशी केलेलं भाषण)



2000-01 साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. शिरूर अनंतपाळात आपली सोसायटी तेव्हा नवीच होती. मीही हौसेनं फाटकाजवळ रंगवलं: ‘स्वच्छता, सुंदरता, एकता, हीच आपली मान्यता!’ यमक चोख जुळलं, पण कचरा त्याच भिंतीखाली पडत राहिला. शेजारच्या मुलीनं विचारलं, “काका, ह्यात करायचं काय ते कुठंय?”

खरंच नव्हतं. ‘स्वच्छता’, ‘एकता’ ही नुसती गुणांची नावं. त्यात कुणी काही करत नाही. ‘ठेवू’, ‘नेऊ’ म्हटलं की त्यात ‘आपण’ आलोच. म्हणून यंदाचं घोषवाक्य असं:

ओलं-सुकं वेगळं ठेवू,
गाडी येताच खाली नेऊ,
डबा मग धुऊन घेऊ!

प्रत्येक ओळीत नऊ अक्षरं. ‘ठेवू’शी ‘करू’ जोडलं असतं तर शेवट सारखा असूनही कानाला यमक लागलं नसतं. ‘ऊ’च्या आधीचा ‘ए’सुद्धा जुळावा लागतो. तिसऱ्या ओळीत आधी ‘स्वच्छ धुऊन’ होतं. ‘स्वच्छ’ काढलं, तेव्हा लेकरांना ते एका दमात म्हणता आलं.

उद्या घंटा वाजली की डबा घेऊन खाली येऊ. बघा, ‘येऊ’ही त्याच यमकात बसतं!