आमसभेचे ठराव आणि राष्ट्रांची रूढी

संयुक्त राष्ट्रांची आमसभा म्हणजे जगाचे विधिमंडळ, असा समज सहज होतो. पण सनदेने तिला केवळ शिफारशीचा अधिकार दिला आहे. अंदाजपत्रकासारख्या अंतर्गत बाबी सोडल्या, तर तिचा ठराव राष्ट्रांवर बंधनकारक नसतो. मग तोच ठराव वर्षानुवर्षे संमत होत राहिला, तर त्याचा कायदा होतो काय?

रूढी सिद्ध होण्यास दोन गोष्टी लागतात : राष्ट्रांचे प्रत्यक्ष आचरण, आणि तसे वागणे कायद्याने आवश्यक आहे ही त्यांची धारणा. ठराव हा या धारणेचा पुरावा ठरू शकतो. मात्र त्याचा आशय कोणता आणि तो कसा संमत झाला, हे पाहावे लागते.

दोन उदाहरणे पाहा. १९६० साली वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ८९ मतांनी संमत झाला. ९ राष्ट्रे तटस्थ राहिली. विरोधी मत एकही पडले नाही. पुढे एकामागून एक वसाहती स्वतंत्र झाल्या. २०१९ मध्ये चागोस द्वीपसमूहाविषयी सल्ला देताना आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या जाहीरनाम्यात रूढ कायद्याचेच निवेदन असल्याचे मानले.

उलट, अण्वस्त्रांचा वापर बेकायदा ठरविणाऱ्या १९६१ च्या ठरावास ५५ मते अनुकूल व २० प्रतिकूल पडली. २६ राष्ट्रे तटस्थ राहिली. पुढेही असे ठराव होत राहिले आणि विरोधही टिकून राहिला. अण्वस्त्रधारी राष्ट्रांनी आपले धाकाचे धोरण सोडले नाही. म्हणून १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले की, या ठरावांतून तीव्र चिंता दिसते, पण कायद्याची धारणा सिद्ध होत नाही.

तेव्हा ठराव किती वेळा झाला हे मोजण्याआधी, ज्यांनी तो पाळावयाचा त्यांचे मत कोणत्या बाजूस पडले, हे पाहणे इष्ट.