नफ्याची वाटणी : भांडवल, श्रम आणि जबाबदारी



बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत तीन स्नेह्यांनी भागीदारीत लेथयंत्राचा लहानसा कारखाना काढला, असे समजू या. पहिल्याने ४ लाख रुपये घातले. तो आठवड्यातून एकदाच येतो. दुसऱ्याने २ लाख घातले. मागण्या मिळविणे व हिशेब ठेवणे ही जबाबदारी त्याची. तिसऱ्याजवळ पैसा नव्हता. तो कुशल कारागीर दिवसभर यंत्रापाशी उभा असतो. वर्षअखेर ७ लाख २० हजार रुपये नफा झाला. तो कसा वाटावा?

काहीच ठरलेले नसेल तर उत्तर कायदा देतो. १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमाच्या कलम १३ अन्वये, वेगळा करार नसल्यास नफा आणि तोटा सर्वांत समान विभागला जातो व कामाबद्दल कोणासही वेगळा मोबदला मिळत नाही. म्हणजे प्रत्येकी २ लाख ४० हजार. केवळ भांडवलाच्या प्रमाणात वाटावे, तर पहिल्यास ४ लाख ८० हजार मिळतील आणि कारागिराच्या हाती काहीच येणार नाही. दोन्ही वाटण्यांत कोणीतरी दुखावतोच.

यावर उपाय असा की, प्रत्येक गोष्टीचे मोल आधी वेगळे द्यावे आणि उरेल ते वाटावे. भांडवलावर १२ टक्के व्याज ठरले, तर पहिल्यास ४८ हजार व दुसऱ्यास २४ हजार मिळतील. कामाचा दर तासाला १०० रुपये धरला आणि तिघांचे तास अनुक्रमे ३००, १५०० व २४०० भरले, तर ३० हजार, दीड लाख व २ लाख ४० हजार होतील. व्यवस्थेच्या जबाबदारीबद्दल दुसऱ्यास दरमहा ४ हजार, म्हणजे वर्षाचे ४८ हजार द्यावेत. मग १ लाख ८० हजार उरतात. ते समान, प्रत्येकी ६० हजार. एकूण पहिल्यास १ लाख ३८ हजार, दुसऱ्यास २ लाख ८२ हजार आणि तिसऱ्यास ३ लाख मिळतात.

तथापि नफा ३ लाख ६० हजारच झाला, तर ही सर्व देणी भागणार नाहीत. कलम १३ प्रमाणे, वेगळे ठरले नसल्यास, भांडवलावरील व्याज नफ्यातूनच देय असते. म्हणून आधी व्याज, नंतर उरलेल्या रकमेतून मोबदले त्याच प्रमाणात कमी करून, असा क्रम भागीदारीपत्रात लिहावा. तोट्याचे प्रमाणही लिहावे; अन्यथा एक पैसाही न घातलेल्या कारागिरावर एकतृतीयांश तोटा येतो.

तासांची नोंदवही दर आठवड्यास तिघांच्या सह्यांनी पुरी करावी. वर्षअखेर आठवणीने लिहिलेले तास प्रत्येकाच्या मनात निराळे असतात आणि वादास तेथूनच तोंड फुटते. दर व जबाबदाऱ्या नफ्याचा आकडा कळण्यापूर्वीच ठरवाव्यात. आकडा कळल्यावर प्रत्येकाला आपलेच काम मोठे वाटू लागते.