लोंबीतले मोड आणि न नोंदलेली सुप्तावस्था

अध्यक्षीय भाषणात वर्षभरातील संशोधनाचा आढावा घेण्याच्या प्रथेला या वेळी मुरड घातली जात आहे, कारण आढाव्यातील बहुतेक गोष्टी निबंधसंग्रहात छापल्या गेल्या आहेत आणि एक गोष्ट अशी आहे की जी वर्षानुवर्षे कोणत्याच संग्रहात येत नाही. ती म्हणजे उभ्या पिकात, लोंबीवरच, दाण्याला फुटणारे मोड.

ज्या मीरा-भाईंदरमध्ये ही परिषद भरली आहे तेथील राई, मुर्धे, मोर्वे या गावांच्या भातखाचरांची जागा बहुतांशी वस्तीने घेतली असली, तरी ठाणे, पालघर आणि रायगडच्या शेतकऱ्याला हा प्रश्न नवा नाही. 2019 च्या ऑक्टोबरअखेर, ऐन दिवाळीत, अरबी समुद्रात क्यार आणि त्यामागोमाग महा ही चक्रीवादळे आली व हळवे आणि निमगरवे भात कापणीला आलेले असताना पाऊस थांबेना. पिकलेल्या खाचरांत भात आडवे पडले, कापलेले कडपे पाण्यात राहिले आणि लोंब्यांतून हिरवे कोंब दिसू लागले. अशा वेळी होणाऱ्या पंचनाम्यात बाधित क्षेत्र लिहिले जाते, परंतु कोणत्या वाणाला कितव्या दिवशी मोड आले आणि शेजारच्या बांधावरच्या कोणत्या वाणाला आले नाहीत, हे लिहिले जात नाही, आणि जे संशोधकाला हवे होते ते पेंढ्याबरोबर कुजून जाते.

दाणा पक्व होत असताना त्यात अॅबसिसिक आम्ल हे संप्रेरक साठते आणि ते अंकुराला थोपवून धरते. पाणी, हवा व ऊब मिळूनही न रुजण्याच्या या स्थितीला सुप्तावस्था म्हणतात. तिचा जोर ओसरला की जिबरेलिन हे दुसरे संप्रेरक वरचढ होते, त्याच्या प्रेरणेने अल्फा-अमायलेज नावाचे विकर तयार होते आणि ते दाण्यातील पिष्टाची साखर करू लागते. कापणीयोग्य दाण्यात साधारण 20 ते 22 टक्के ओलावा असतो. भिजून तो तिशीपलीकडे गेला आणि सुप्तावस्था संपलेली असली, तर दोन-तीन दिवसांत कोंब बाहेर येतो. विकराचे काम मात्र कोंब दिसण्याआधीच सुरू झालेले असते, त्यामुळे वरून धड दिसणारा तांदूळही गिरणीत तुटतो आणि गव्हाच्या कणकेचा ताण जाऊन पोळी चिकट होते. गव्हासाठी यावर सोपी चाचणी आहे: पिठाच्या गरम खळीतून दांडा तळाशी जायला किती सेकंद लागतात ते मोजतात आणि चांगल्या गव्हाचे तीनशेच्या आसपासचे सेकंद मोडाच्या गव्हात दोनशेच्या खाली येतात.

या व्यासपीठावर वारंवार ऐकू येणारा एक दावा असा की बुटक्या सुधारित जाती आल्या आणि भाताला मोड येऊ लागले. अनुवंशशास्त्राचा निवाडा जवळजवळ उलटा आहे. तायचुंग नेटिव्ह-1 पासून जया या वाणात आलेले खुजेपणाचे जनुक म्हणजे जिबरेलिन घडवणाऱ्या एका विकराच्या जनुकातील बिघाड होय, आणि वाढत्या दाण्यातही जिबरेलिन कमी पडत असल्यामुळे तो बिघाड सुप्तावस्था कमी नव्हे, अधिक करतो. दोष शोधायचा तर तो तांदळाच्या पांढरेपणात शोधावा लागेल. सातव्या गुणसूत्रावरील आरसी हे जनुक तांदळाच्या सालीला तांबडा रंग देते आणि त्याच वेळी दाण्यातील अॅबसिसिक आम्लही वाढवते. त्यातील 14 अक्षरांचा तुकडा गळाल्यामुळे तांदूळ पांढरा झाला आणि माणसाने तो आवडीने निवडला, तेव्हा झोपेचा एक आधारही नकळत गेला. गव्हातही रंग देणारी जनुके सुप्तावस्थेला हातभार लावतात, म्हणून पोळीसाठी पसंत केला जाणारा पांढरट गहू मार्चमधील अवकाळी पावसात तांबड्या गव्हापेक्षा लवकर मोडावतो.

यावर सहकाऱ्यांचा आक्षेप असतो की तांबड्या भाताला वाचवतात ती त्याची जाड तुसे, रंग नव्हे. प्रस्तुत वक्त्याने खाडीकाठच्या एका खाचरात लागून असलेले दोन वाण, एक तांबडा स्थानिक आणि एक पांढरा हळवा, सततच्या पावसानंतर पाहिले तेव्हा पांढऱ्याच्या लोंब्या हिरव्या झाल्या होत्या आणि तांबडा स्तब्ध होता. दोन्हींची तुसे सोलून दाणे ओल्या कागदावर ठेवल्यावर पांढरा दुसऱ्याच दिवशी फुटला, तांबड्याने थोडी घाई केली खरी, पण बहुतेक दाणे आठवडाभर तसेच राहिले. तुसांचा वाटा आहे, एवढे मान्य करून हा वाद संपवावा.

रंगाशिवायही मार्ग आहे, आणि पांढऱ्या तांदळाच्या बाजारात तोच महत्त्वाचा आहे. जपानी संशोधकांनी 2010 मध्ये एसडीआर-4 हे जनुक ओळखले, ते कासालथ या भारतीय वाणाच्या निप्पोनबारे या जपानी वाणाशी केलेल्या संकरातून; त्याचे प्रभावी रूप कासालथमध्ये आहे, इंडिका गटात दोन्ही रूपे आढळतात आणि दाण्याच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे कोकणातील पांढऱ्या हळव्या वाणांपैकी कोणात प्रभावी रूप आहे आणि कोणात दुर्बळ, हे पानाच्या तुकड्यावरून सांगता येईल. ते विचारले जात नाही, हीच या भाषणाची तक्रार आहे. वाणाच्या शिफारसपत्रात उत्पादन, कालावधी, करपा व तुडतुड्यांना प्रतिकार आणि दाण्याची लांबी-रुंदी यांना जागा असते. कापणीनंतर दाणा किती दिवस झोपतो याला नसते. जो वाण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, परतीच्या पावसाच्या तोंडी पिकतो, त्याच्यासाठी हा रकाना उत्पादनाच्या रकान्याइतकाच आवश्यक आहे.

सुप्तावस्था असलेले बी वायंगण हंगामात रुजणार नाही, ही भीतीही तपासून पाहावी. हवी आहे ती दोन ते तीन आठवड्यांची झोप, आणि कापणीपासून वायंगणाच्या राबापर्यंत सहसा त्याहून अधिक काळ जातो. घाई असल्यास वाळलेले बी 50 अंश सेल्सिअसला पाच दिवस ठेवले की झोप मोडते. खार जमिनीत रहू टाकणाऱ्या शेतकऱ्याला मुद्दाम मोड आणण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे, त्याला बी जागे करणे कोणी शिकवायला नको.

चाचणीला यंत्रसामग्री लागत नाही. फुलोऱ्यानंतर तिसाव्या दिवसापासून दर आठवड्याला ताज्या भाताचे शंभर दाणे चार वेळा ओल्या कागदावर, सुमारे 30 अंशांवर, सात दिवस ठेवायचे. सोबत अखंड लोंब्या भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या, म्हणजे तुसांचा आणि लोंबीचा परिणाम वेगळा कळतो. निम्म्याहून अधिक दाणे ज्या आठवड्यात रुजले, तो आठवडा लिहायचा. मात्र एका हंगामाच्या आकड्यावर विसंबता येणार नाही, कारण दाणा भरतानाच्या तापमानाप्रमाणे झोप कमीजास्त होते आणि त्याच वाणाचा आकडा पुढच्या वर्षी बदलतो. अध्यक्षांच्या वतीने हे काम हाती घेण्यासाठी काही केंद्रांना पत्रे लिहिली जातील आणि जमल्यास पुढील अधिवेशनापर्यंत हळव्या वाणांची एक यादी तयार होईल. तिचे स्वरूप, खर्च आणि जबाबदारी यांविषयी दुपारच्या बैठकीत बोलता येईल.