शिकस्त खाल्ली की शिकस्त केली? : शाळेतल्या मुलासाठी शब्दकोश निवडताना

(वडवणी येथे आठवी ते दहावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आज मी एकाच साध्या प्रश्नावर बोलणार आहे. मराठी शिकणाऱ्या मुलासाठी शब्दकोश घ्यायचा असेल, तर दुकानात पुढ्यात ठेवलेल्या तीन-चार पुस्तकांतून कोणता उचलायचा? आपल्या घरांत हे पुस्तक बहुधा एकदाच घेतले जाते. थोरल्याने वापरायचे, मग धाकट्याने. निवड चुकली तर ती आठ-दहा वर्षे चुकलेलीच राहते.

माझ्या भावाची मुलगी आठवीत आहे. शाळा उर्दू माध्यमाची, मराठीचे पुस्तक सुलभभारती. घरी आम्ही दखनी बोलतो. तिने क्रिकेटच्या सामन्यावर मराठीत निबंध लिहिला आणि त्यात एक वाक्य होते, "शेवटी आमच्या संघाने शिकस्त खाल्ली." सरांनी खाली लाल रेघ ओढली. ती वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "फुफी, हार गए तो शिकस्तच हुई ना?"

तिचे काही चुकले नव्हते आणि तरीही वाक्य चुकले होते. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. मराठीने तोच फारसी शब्द घेतला, पण तो वापरला भलत्याच अर्थाने. मराठीत शिकस्त म्हणजे पराकाष्ठा, जिवाचे रान करणे. म्हणजे तिच्या वाक्यात हरलेला संघ मराठी वाचणाऱ्याला धड हरलेलाही दिसेना आणि धड लढलेलाही.

मी म्हटले, शब्दकोश काढ. तिच्या अब्बांनी मागच्याच वर्षी जाडजूड कोश आणला होता. उघडला तर तो इंग्रजी-इंग्रजी-मराठी. त्यात इंग्रजी शब्द शोधता येतो, मराठी शब्द शोधता येत नाही. ही पहिली गफलत फार घरांत होते. मुखपृष्ठावर 'मराठी' लिहिलेले दिसते आणि आपण पैसे देतो. म्हणून दुकानात आधी हे पाहा की ठळक अक्षरातला, रांगेत लावलेला शब्द कोणत्या भाषेतला आहे. मराठी समजून घ्यायला मराठी-मराठी कोश लागतो. इंग्रजीचा कोश जरूर घ्या, पण त्याचे काम वेगळे आहे.

मग आम्ही दोन मराठी-मराठी कोश मिळवले. एक बाजारात मिळणारा खिशातला, दुसरा मध्यम आकाराचा. खिशातल्यात लिहिले होते, 'शिकस्त – पराकाष्ठा, कमाल'. तिने ते वाचून वाक्य सुधारले, "आमच्या संघाने शिकस्त लावली." पुन्हा चूक. अर्थ कळला होता, पण शब्द चालवायचा कसा ते कळले नव्हते. मध्यम कोशात अर्थाच्या आधी कंसात 'स्त्री.' होते आणि पुढे 'प्रयत्नांची शिकस्त करणे' असा प्रयोग होता. तो वाचून तिने लिहिले, "आमच्या संघाने प्रयत्नांची शिकस्त केली, तरी सामना हरलो." हे वाक्य बरोबर आहे आणि आधीच्यापेक्षा चांगलेही आहे.

उदाहरणाने काय दिले ते बघा. शिकस्त 'करतात', लावत नाहीत आणि खातही नाहीत. ती 'प्रयत्नांची' असते, म्हणजे शब्द स्त्रीलिंगी. आणि तिच्यासोबत कोणता शब्द येतो तेही कळले. तीन शब्दांच्या प्रयोगात तीन गोष्टी. नुसते समानार्थी शब्द देणारा कोश यातले काहीच देत नाही.

लिंग मी मुद्दाम वेगळे सांगते, कारण तिथे आपल्या मुलांचे गुण जातात. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. उर्दूतली किताब स्त्रीलिंगी, मराठीतले पुस्तक नपुंसकलिंगी. ज्याच्या घरात नपुंसकलिंग बोललेच जात नाही, त्याला ते कानाने येणार कुठून? ज्या कोशात प्रत्येक नामापुढे पु., स्त्री. किंवा न. लिहिलेले नाही, तो आपल्या मुलासाठी घेऊ नका, मग तो कितीही जाड असो.

आता परीक्षा घ्यायची कशी? पाच शब्द एका चिठ्ठीवर लिहून दुकानात न्या : शिकस्त, खुलासा, तक्रार, तालीम, किताब. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. 'धड्याचा खुलासा लिहा' आणि 'धड्याचा सारांश लिहा' या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. उर्दूत तकरार म्हणजे वाद, मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत नाटकाची तालीम असते आणि पैलवानांचीही. किताबाची गंमत निराळीच. मराठीत 'महाराष्ट्र केसरीचा किताब' म्हणतात, तो पुस्तकाचा किताब नव्हे. उर्दूत पदवीला 'खिताब' म्हणतात, त्या ख चा मराठीत क झाला आणि दोन वेगळे शब्द एकाच रूपात येऊन बसले. चांगला कोश हे दोन अर्थ वेगळे करून दाखवतो.

आपल्या मराठवाड्यात हा घोळ जास्त होतो याला कारण आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. आपल्या आजोबा-पणजोबांनी हे शब्द उर्दू अर्थाने लिहिले आणि ते घरात तसेच राहिले. पाचपैकी चार शब्द लिंगासह आणि निदान दोन शब्द प्रयोगासह मिळाले, तर तो कोश पुढच्या परीक्षेला बसवण्याजोगा आहे.

पुढची परीक्षा शब्दसंख्येची. मुखपृष्ठावर 'पन्नास हजार शब्द' असे छापलेले असते. ते मोजता येते. मधली पाच पाने उघडा, ठळक शब्द मोजा, सरासरी काढा आणि पानांनी गुणा. समजा पानाला तीस शब्द आणि सहाशे पाने, तर झाले अठरा हजार. मग पन्नास हजार आले कुठून? बहुधा शब्दांऐवजी अर्थ मोजलेले असतात. पण अठरा हजार हे शाळेसाठी कमी नाहीत. खरा प्रश्न असा की तुमच्या मुलाला अडणारे शब्द त्यात आहेत का. त्यासाठी त्याच्याच पाठ्यपुस्तकातून त्याला न कळलेले वीस शब्द काढा आणि शोधा. एक सावधगिरी बाळगा. पुस्तकात 'घोड्याच्या' असेल तर कोशात 'घोडा' पाहायचा, 'पाण्याला' असेल तर 'पाणी'. हे ठाऊक नसले की मूल म्हणते, कोशात शब्दच नाही.

आता आवृत्तीकडे येऊ. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आपण ऐकलेला असतो. पहिली आवृत्ती १८३१ ची, वाढवलेली दुसरी १८५७ ची, सुमारे साठ हजार शब्दांची. त्यानंतर निघाली ती त्याच दुसऱ्या आवृत्तीची पुनर्मुद्रणे, १९७५ मध्ये पुण्यात निघालेले धरून. कोऱ्या करकरीत प्रतीतही मराठी १८५७ ची असते. त्यात सायकल सापडणार नाही. शिवाय 'नाव' शोधायला गेलात तर होडी भेटेल, कारण स्वतःचे नाव तेव्हा 'नांव' असे लिहीत. तसेच 'कवी' हा 'कवि' असा ऱ्हस्व दिसेल. आज शाळेत चालणारे लेखनाचे नियम साहित्य महामंडळाचे आहेत : १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, मिळून अठरा. त्याआधीच्या कोशातून शब्द जसाच्या तसा उतरवला, तर परीक्षेत तो अशुद्ध ठरतो.

'शालेय' या शब्दावरही भुलू नका. श्रीधर गणेश वझे यांची 'आर्यभूषण स्कूल डिक्शनरी' पुण्यात १९११ साली निघाली. तीही शाळेचीच, पण १९११ च्या शाळेची. म्हणून कोणताही कोश घेताना 'नाव', 'कवी' आणि 'पाहणे' हे तीन शब्द बघा. मुख्य नोंद 'नांव', 'कवि', 'पहाणे' अशी असेल, तर मुखपृष्ठ नवे आणि आतला मजकूर जुना, असे समजा.

शेवटचा मुद्दा प्रकाशकाच्या नावाचा. मोठे नाव पाहून डोळे मिटू नका आणि लहान नाव पाहून पुस्तक बाजूलाही ठेवू नका. मुखपृष्ठामागचे पान उघडा. संपादकाचे नाव आहे का? 'आवृत्ती' लिहिले आहे की 'पुनर्मुद्रण'? सुधारित आवृत्ती म्हणत असतील, तर काय सुधारले हे प्रस्तावनेत सांगितले आहे का? ज्या कोशावर कोणी आपले नाव घातलेले नाही, त्यातल्या चुकीला जबाबदार कोणाला धरणार? परदेशी प्रकाशनाच्या इंग्रजी-मराठी कोशातही मराठी बाजू इथल्याच संपादकाची असते, तेव्हा पाहायचे ते त्याचे नाव.

मग जुने थोर कोश टाकून द्यायचे का? मुळीच नाही. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. त्यात शब्दांचे मूळ दिलेले आहे आणि जुन्या ग्रंथांतले दाखलेही. हे दाखले खरे आहेत, पण ज्ञानेश्वरीतल्या वाक्यावरून आठवीच्या मुलीला निबंधातले वाक्य बांधता येत नाही. शब्द आला कुठून हे जाणायला तो वापरा. माधव जूलियन, म्हणजे माधव त्रिंबक पटवर्धन, यांचा १९२५ चा 'फारसी-मराठी कोश' आपल्या शिक्षकांनी पाहावा असा आहे. मोल्सवर्थ, वझे आणि दाते-कर्वे हे तिन्ही कोश dsal.uchicago.edu या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, त्यांच्यासाठी पैसे घालू नका.

पैसे घाला ते घरातल्या एका मध्यम मराठी-मराठी कोशावर. आणि शाळेने किंवा वाचनालयाने यास्मिन शेख यांचा 'मराठी शब्दलेखनकोश' किंवा अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' ठेवावा. हे अर्थासाठी नाहीत, शब्द लिहायचा कसा यासाठी आहेत. सगळ्यांनी मिळून एक प्रत पुरते.

माझ्या भाचीने मग काय केले ते सांगून थांबते. ती त्या मध्यम कोशात घरातले शब्द शोधत बसली. वहीच्या मागच्या पानावर तिने दोन रकाने आखले, एकावर लिहिले 'घरात' आणि दुसऱ्यावर 'मराठीत'. पहिल्या ओळीत शिकस्त आहे. परवापर्यंत सतरा शब्द झाले होते. अठराव्याला ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "फुफी, मजकूर?" उर्दूत मजकूर म्हणजे ज्याचा उल्लेख झाला तो, मराठीत म्हणजे लिहिलेले जे काही असेल ते. मी म्हटले, कोश उघड आणि उदाहरण वाच.